संशोधनातील अडचणी आणि मी घेतलेले निर्णय

१९२४ च्या बेळगाव काँग्रेसवर प्रकल्प करायचा ठरवला, तेव्हा साहित्याची चणचण भासेल असे वाटले नव्हते. गांधीजी फक्त याच अधिवेशनाचे अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांचे भाषण सहज मिळाले. मला मात्र गावाची बाजू हवी होती: पाणी कुठून आले, मुक्काम कुठे झाला, राबले कोण. तिथेच घोडे अडले. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला. जुनी सरकारी कागदपत्रे मुंबईला, नंतरची बंगळूरकडे. दोन्हीकडे जाणे परवडणारे नव्हते. म्हणून छापील साहित्य, वर्तमानपत्रे आणि टिळकवाडीतली, अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर यांवरच भर दिला. कन्नड मजकूर वर्गमैत्रिणीने वाचून दाखवला. तिच्याशिवाय अर्धी बाजू कोरीच राहिली असती.

खरा पेच घरोघरच्या आठवणींचा होता. ज्याला विचारावे त्याचे आजोबा गांधीजींना भेटलेलेच! अधिवेशन पाहिलेले कोणी आता बोलायला नाही, आणि ऐकीव गोष्टी सांगता सांगता फुगतात. तरी त्या टाकवेनात. शेवटी त्यांचे वेगळे प्रकरण केले आणि प्रत्येक आठवणीखाली ती सांगणाऱ्याने कोणाकडून ऐकली तेही लिहिले. मार्गदर्शक बाईंना हे प्रकरण लांबलेले वाटते. मला अधिवेशनाचे मुख्य आयोजक गंगाधरराव देशपांडे यांच्यावरचे प्रकरण कापणे जास्त सोपे गेले, कारण त्यांच्याविषयी इतरत्र भरपूर वाचायला मिळते. स्वयंपाकघरात राबलेल्या बायकांविषयी मिळत नाही.