करंगळीखालचा निळा डाग

वरच्या फोटोतला हात कुणाचा, ते महत्त्वाचं नाही. करंगळीपासून मनगटापर्यंत पसरलेला तो निळा पट्टा ज्यांच्या हातावर रोज उमटतो, त्यांनी तो एव्हाना ओळखला असेल.

डावखुऱ्यांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी. उजव्यांनीही वाचायला हरकत नाही. शंभरात साधारण दहाजण डावखुरे असतात, तेव्हा तुमच्या ओळखीत एखादा असणारच.

आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. उजवा हात लिहिलेलं मागे टाकत पुढे सरकतो. डावा हात मात्र आत्ताच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरूनच जातो. मग कुणी मनगट वाकडं करून ओळीच्या वरून लिहितं, तर कुणी वही इतकी तिरकी धरतं की शेजारचा विचारतो, "अरे, दिसतं तरी कसं तुला?" कात्री, पट्टी, शार्पनर यांची रडगाणी वेगळीच. (लिहायची फळी उजव्या बाजूला असलेल्या त्या खुर्च्यांचं आम्हालाही काही करता येणार नाही, माफ करा.)

यातल्या एका रोजच्या कटकटीवर आम्ही बरेच महिने काम करतोय. कोणत्या, ते आज सांगत नाही.

विचारलं त्या प्रत्येकाचा पहिला अंदाज एकच होता: पेन. तर पेन नाही, एवढं सांगून टाकतो. चार्जिंग लागत नाही, ॲप नाही, दप्तरात सहज मावतं. आमच्यातल्या एका उजव्या हाताच्या माणसाने ते वापरायला घेतलं, दोन मिनिटांत वैतागून खाली ठेवलं आणि म्हणाला, "तुम्ही लोक आयुष्यभर असंच काढता?" तेव्हा म्हटलं, जमतंय बहुतेक.

आता जे होणार नाही, तेही आधीच ऐका. अक्षर सुधारणार नाही. हात कायम स्वच्छ राहील, असंही नाही. जेल पेनने घाईत लिहाल तर थोडं फासेलच. मनगट पूर्ण वळवून लिहिणाऱ्यांना फरक कमी जाणवला, हेही चाचणीत दिसलंय. त्यांच्यासाठी काय करता येईल, ते अजून आम्हाला सुटलेलं नाही.

१३ ऑगस्टला, म्हणजे जगभर डावखुऱ्यांचा दिवस असतो त्या दिवशी, सकाळी १० वाजता इथेच सगळं दाखवू. किंमतही तेव्हाच. आगाऊ नोंदणी ठेवलेली नाही, न बघता पैसे कशाला भरायचे? पहिली खेप छोटी आहे, पण संपली तर पुन्हा बनवू, त्यामुळे धावपळ नको.

तोवर अंदाज लढवत राहा. बरोबर आला तरी आम्ही १३ तारखेपर्यंत हूं की चूं करणार नाही. आणि कंपासमधली कोणती वस्तू तुम्हाला सर्वात जास्त छळते, तेवढं खाली लिहा. पुढचं काम त्यातूनच निवडायचं आहे.