विषय : खोली क्र. 412 मधील वातानुकूलन यंत्रणा निकामी असल्याबाबत तक्रार व भाडे परत मिळण्याची मागणी

दिनांक : 3 जून 2024
यवतमाळ

प्रति,
मा. व्यवस्थापक,
धंतोली, नागपूर

महोदय,

दि. 28 व 29 मे 2024 या दोन रात्री मी माझ्या 74 वर्षांच्या वडिलांसह आपल्या हॉटेलातील चौथ्या मजल्यावरील खोली क्र. 412 मध्ये मुक्कामास होतो. 28 तारखेला सकाळी वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी तपासणी असल्यामुळे रुग्णालयाजवळ थांबणे भाग होते. डोळ्यात पाणी किंवा घाम जाऊ देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. केवळ याच कारणासाठी मी 1,800 रुपयांची साधी खोली न घेता 3,000 रुपये रोजाची वातानुकूलित खोली घेतली, आणि हे कारण आरक्षण करताना दूरध्वनीवर स्पष्ट सांगितलेही होते.

दुपारी चार वाजता आम्ही खोलीत आलो तेव्हा एसी सुरू केला आणि रिमोटवर 24 अंश ठेवले. तासाभरात काहीच फरक पडला नाही म्हणून ते 18 वर आणले. वडिलांच्या उशाशी असलेल्या घड्याळात खोलीचे तापमानही दिसते. त्यात रात्री साडेआठला 35, अकराला 34 आणि दोन वाजता 33 अंश असे आकडे होते, आणि त्या प्रत्येक वेळी मी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले आहे. यंत्रातून वारा येत होता, पण तो गार नव्हता. रात्री अकराच्या सुमारास आतल्या युनिटमधून पलंगाच्या कडेला पाणी ठिबकू लागले, तेव्हा पलंग ओढून बाजूला घ्यावा लागला. रात्रभर मी पातळ रुमालाने वडिलांच्या कपाळावरचा घाम टिपत बसलो, कारण तो ओघळून पट्टीखाली जाईल ही धास्ती होती.

स्वागतकक्षाला मी त्या रात्री तीन वेळा कळवले. पहिल्या वेळी “थोडा वेळ लागतो” असे सांगण्यात आले, दुसऱ्या वेळी मेकॅनिक सकाळीच येईल असे, आणि तिसऱ्या वेळी मिळालेले उत्तर असे होते की, “नवतपा सुरू आहे साहेब, बाहेर 45 डिग्री असताना एसी तरी काय करणार?” दुसरी खोली रिकामी नव्हती. रात्री एक वाजता एक टेबलफॅन मिळाला, तो आणून देणाऱ्या मुलाने मात्र आपुलकीने विचारपूस केली, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

नवतप्याचे हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. आम्ही यवतमाळचे आहोत, उन्हाळा आम्हाला नवा नाही. घरी आम्ही वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरवर मे महिना काढतो आणि त्या कूलरने खोली याहून अधिक गार होते. नागपुरात मे अखेरीस ऊन किती असते हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या उन्हापासून निवारा म्हणूनच ग्राहक जास्तीचे पैसे मोजतो. ज्या दिवसांसाठी खोली घेतली जाते, नेमक्या त्याच दिवसांत एसी चालणार नसेल, तर ती खोली वातानुकूलित म्हणून देता येत नाही.

दोष उन्हाचा नव्हता, हे दुसऱ्या दिवशी सिद्धही झाले. 29 तारखेला सायंकाळी आलेल्या मेकॅनिकने माझ्यासमोर जाळी काढली, तेव्हा ती धुळीने पूर्ण बंद झालेली होती आणि आतल्या कॉइलवर बर्फ साचला होता. जाळी धुऊन बर्फ वितळल्यावर रात्री दहापर्यंत तापमान 29 अंशांवर आले. गॅसही कमी असल्याचे आणि गच्चीवरची सर्व आउटडोअर युनिट पत्र्याखाली एकमेकांना खेटून बसवल्याने त्यांचीच गरम हवा पुन्हा त्यांच्यात ओढली जात असल्याचे त्यांनी सांगितले. वरच्या मजल्याच्या, पश्चिमेची भिंत दिवसभर तापणाऱ्या खोलीला हा दोष अधिक जाचणारच. जाळी धुण्याचे काम अर्ध्या तासाचे होते, ते उन्हाळ्यापूर्वी, निदान आम्ही येण्यापूर्वी व्हायला हवे होते.

निघताना मी भाड्यात सूट मागितली असता मालकांशी बोलून कळवू असे सांगण्यात आले, परंतु आजपर्यंत काहीही कळवलेले नाही. पहिल्या रात्री सेवा मिळालीच नाही, म्हणून त्या रात्रीचे जीएसटीसह संपूर्ण भाडे 3,360 रुपये आणि दुसऱ्या रात्री ती अर्धवट मिळाली, म्हणून साध्या खोलीच्या दरातील फरक जीएसटीसह 1,344 रुपये, असे एकूण 4,704 रुपये मला परत मिळावेत. शिवाय खोली क्र. 412 ची यंत्रणा पूर्ण दुरुस्त होईपर्यंत ती वातानुकूलित दराने कोणालाही देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. धंतोलीत उतरणाऱ्यांत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फार असतात.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर व रक्कम न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. देयकाची प्रत व वेळेच्या नोंदीसह छायाचित्रे सोबत जोडली आहेत, आणि रक्कम देयक ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात जमा करावी.

आपला,
खोली क्र. 412 मधील ग्राहक
(मुक्काम दि. 28 ते 30 मे 2024)