एअर फ्रायरमधल्या काफ्रियाल तंगड्या

काफ्रियाल म्हणजे कोथिंबीर-मिरचीच्या हिरव्या वाटणातली गोव्याची कोंबडी. कोंबडीच्या सहा तंगड्या, साधारण सातशे ग्रॅम. फोंड्याच्या बाजारात मी सालासकट मागून घेते, कारण एअर फ्रायरच्या कोरड्या वाऱ्यात मांस ओलसर ठेवतं ते हे सालच. धुवायच्या नाहीत, पाण्याचे शिंतोडे ओटाभर उडतात. टिश्यूने पुसून प्रत्येकीला हाडापर्यंत दोन चिरा द्या.

वाटण: जुडीभर कोथिंबीर, चार हिरव्या मिरच्या, आठ लसूणपाकळ्या, इंचभर आलं, दहा मिरी, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, सव्वा चमचा मीठ आणि दोन चमचे माडाचं व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालेल, पण ती चव येत नाही. पाणी न घालता वाटा, चिरांमध्ये बोटाने दाबून भरा आणि फ्रिजमध्ये किमान चार तास मुरू द्या. मी रात्रीच लावून ठेवते.

एअर फ्रायर १९० अंशांवर पाच मिनिटं तापवा. दोनशेवर कोथिंबीर काळी पडून कडू लागते. तंगड्यांवरचं जास्तीचं वाटण निपटून बाजूला ठेवा, वरून चमचाभर तेल चोळा आणि एकमेकींना न चिकटवता एका थरात मांडा. बास्केट लहान असेल तर दोन घाणे करा, कोंबू नका.

बारा मिनिटांनी चिमट्याने उलटा. साल जाळीला चिकटली असेल तर ओढू नका, मिनिटभर थांबलं की आपसूक सुटते. मग आणखी दहा-बारा मिनिटं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागे एकदा मी नुसत्या वेळेवर भरवसा ठेवला. वरून सुरेख तांबूस झालेली तंगडी मुलाने तोडली, तर हाडाशी मांस कच्चं, रबरासारखं. तेव्हापासून थर्मामीटरशिवाय मी ताटात वाढत नाही. सगळ्यात जाड तंगडी निवडा. सुई मांसल भागात, हाडाच्या अगदी जवळ खुपसा, पण हाडाला टेकवू नका. हाडाला लागली तर आकडा चुकतो. ७४ अंश सेल्सिअस झालं की खायला सुरक्षित. तरी मी ८० ते ८५पर्यंत नेते, कारण तंगडीतले चिवट धागे तेव्हाच मऊ पडतात आणि मांस हाडावरून अलगद सुटतं. कमी भरलं तर तीन-तीन मिनिटं वाढवून पुन्हा मोजा. हाडाजवळचा लालसरपणा पाहून घाबरू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग मांसात उतरतो आणि शिजल्यावरही दिसतो. रंगावर नको, आकड्यावर विश्वास ठेवा.

पाच मिनिटं ताटात तशाच राहू द्या. निपटलेलं वाटण कच्च्या कोंबडीला लागलेलं असतं, म्हणून अर्धी वाटी पाणी घालून खळखळून उकळल्याशिवाय वापरायचं नाही. ते दाट झालं की तंगड्यांवर ओता आणि गरम पोई, म्हणजे गोव्याच्या पावाबरोबर वाढा. सोबत कांद्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड.