सागर, सोमवारच्या आधी हे वाच

सागर,

काल फोनवर तू दोनदा म्हणालास, "दादा, घरात कुणाला बोलू नको." मी बोललो नाही. पण नोकरी गेल्याचं स्नेहलला आज रात्री तू स्वतः सांग. का ते सांगतो.

माझं काम गेलं तेव्हा मी तेरा दिवस डबा घेऊन रोज निघायचो. कधी आयर्विन पुलाखाली घाटावर बसायचो, कधी मिरज स्टेशनात. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला बरोबर घरी. वाटायचं, जमलं. चौदाव्या दिवशी तुझी वहिनी कपडे भिजवताना म्हणाली, "शर्टाला कुलंटचा वास येत नाही हो हल्ली." एवढंच. रडली नाही, भांडली नाही. नंतर कळलं, तिला चौथ्याच दिवशी शंका आली होती. म्हणजे दहा दिवस आम्ही दोघंही एकाच घरात एकेकटे घाबरत होतो.

तुला लाज कसली वाटते ते मला कळतं. गल्लीत लोक विचारतील, सासरवाडीला कळेल. पण नीट बघ, ऑर्डर कमी झाल्या म्हणून तुमच्या लाईनची अकरा माणसं एका दुपारी काढली. तू सहा वर्षं आठ महिने कास्टिंग तपासलंस. तुझ्या हातून एक रिजेक्शन लॉट बाहेर गेला असता तर गोष्ट वेगळी. कुणी विचारलंच तर सांग, "कंपनीनं माणसं कमी केली, दुसरीकडे बघतोय." पुढचं काही सांगायला तू बांधील नाहीस. आणि विचारणाऱ्यातलाच एखादा जागा सांगतो, हा माझा अनुभव.

आता सोमवारचं. ऑफिसात तुझ्यापुढे "स्वखुशीने राजीनामा" असा कागद ठेवतील. सही करू नकोस. "सही केलीस तरच हिशेब मिळेल" असं म्हणतील, मलाही म्हणाले होते आणि मी गपगुमान केली. ती चूक मला महागात पडली. राजीनामा दिलास की कामगार कपातीची भरपाई हातची जाते. तू सुपरवायझर नाहीस, कामगार आहेस. त्यामुळे एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार हा तुझा हक्क आहे. सहा महिन्यांच्या वरचे महिने पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुझी सात वर्षं. शांतपणे म्हण, "कागदाची प्रत द्या, घरी वाचून कळवतो." वाद घालू नको. प्रत घेऊन आपण सांगलीत सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जाऊ. अकरापैकी आणखी कुणी येत असेल तर उत्तमच.

ग्रॅच्युइटी वेगळी. बेसिक आणि डीए मिळून तुझे १५,६०० होतात ना? भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७. त्रेसष्ट हजार. अर्ज लेखी दे, पोच घे. तीस दिवसांत द्यावी लागते.

पीएफला मात्र हात लावू नकोस. मोह होईल, मला झाला होता. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो. आत्ता सगळं काढलंस तर पुढं परत एकपासून मोजणी. नवी नोकरी लागली की त्याच यूएएनवर ट्रान्सफर कर.

ईएसआयचं कार्ड नोकरी गेली म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद होत नाही, तेव्हा काकूंच्या बीपीच्या गोळ्या चालू ठेव. बेरोजगारी भत्त्यासाठी तिथं अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, शाखेत नाव काढून विचार.

गाडीचा हप्ता दहा तारखेला ना? चेक परत जायच्या आधी पतसंस्थेच्या मॅनेजरला भेट. आधी गेलं की ते ऐकतात. आणि त्या व्याजानं पैसे देणाऱ्या मित्राकडे अजिबात जाऊ नको, तो कुणाचा मित्र नाही.

कामाचं बघू. कुपवाड, मिरज, पलूस आहेच, पण फाउंड्रीवाल्यांना तुझ्यासारखा माणूस कोल्हापूरकडे लागतो, शिरोली आणि गोकुळ शिरगावला. बायोडाटात "मेहनती, प्रामाणिक" लिहू नको, सगळेच लिहितात. व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, सीएमएमवर किती वर्षं, कुठले पार्ट, ते लिही. अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या तीन पगारस्लिपा आजच मागून घे, आयडी बंद झाला की अवघड होतं.

मधल्या काळात मार्केट यार्डात मी दोन महिने हळदीच्या अडत्याकडे वजनाच्या नोंदी लिहिल्या होत्या. बोटं पिवळी व्हायची. पोरगी म्हणायची, बाबा रोज लग्नाला जातात. त्या अडत्याला विचारून ठेवलंय, सध्या त्याला माणूस हवाय. नको वाटलं तर नको म्हण, मला राग नाही.

रविवारी सकाळी साडेनऊला येतो. नेमणूकपत्र, पगारस्लिपा, पासबुक एका पिशवीत काढून ठेव. स्नेहललाही बसू दे आपल्यासोबत, हिशेबात ती तुझ्यापेक्षा पक्की आहे.

दादा