तीन नंबर प्रेसचा डाय चेंज: महिनाभर ट्रायल घेऊया का सर?

नमस्कार सर,

मागच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही विचारलं होतं की तीन नंबरचा प्लॅन रोज का चुकतोय आणि मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय. मेल थोडा मोठा झालाय पण चहाच्या वेळेत वाचून होईल.

आपण सगळे धरून चालतो की डाय बदलायला दीड तास लागतोच. मलाही तेच वाटायचं, अकरा वर्षं प्रेस शॉपमध्ये काढून. पण मागचे दोन आठवडे माझ्या शिफ्टमध्ये तीन नंबरवर जेवढे डाय चेंज झाले, म्हणजे ११, त्या प्रत्येकाचा मी मोबाईलवर टाइम लावला, जुन्या लॉटचा शेवटचा पीस निघाल्यापासून नव्या लॉटचा पहिला ओके पीस येईपर्यंत. सरासरी ९८ मिनिटं आली. ती अशी गेली: नवा डाय रॅकवरून आणणं आणि फोर्कलिफ्टची वाट बघणं २४, पाने, टी-बोल्ट, पॅकिंग शोधणं १४, जुना डाय सोडून नवा बांधणं २०, शट हाइट ॲडजस्ट करणं १५, ट्रायल पीस आणि क्वालिटीचं अप्रूव्हल २५. या शेवटच्या २५ मधली सुद्धा १२ मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात, कारण क्वालिटीचा माणूस दुसऱ्या लाईनवर असतो आणि त्याला पीस तयार झाल्यावरच बोलावलं जातं.

म्हणजे हात चालू असतात ते ४८ मिनिटं, बाकी ५० मिनिटं प्रेस बंद आणि माणसं शोधतायत किंवा थांबलीयत. परवा तर १९ चा रिंग पाना शोधायला हेल्पर मेंटेनन्सपर्यंत जाऊन आला, तिथे नव्हता, मग एक नंबर प्रेसवाल्याकडून मागून आणला, आणि तोपर्यंत ऑपरेटर डायवर हात ठेवून उभा. त्याला आपण स्लो म्हणतो ते बरोबर नाही सर. तो स्लो नाहीये, त्याच्या हातात वस्तूच नाहीये.

हा प्रॉब्लेम काही आपलाच नाही. १९५० मध्ये हिरोशिमाला मझदाच्या कारखान्यात शिगेओ शिंगो यांनी ८०० टनाच्या प्रेसचा डाय चेंज बघितला होता, तिथेही एक बोल्ट सापडेना म्हणून कामगार तासाभरापेक्षा जास्त वेळ गायब होता आणि प्रेस तशीच उभी. त्यावरूनच त्यांनी कामाचे दोन भाग केले, मशीन बंद असतानाच करता येतं ते आणि मशीन चालू असताना आधीच उरकता येतं ते. पुढे टोयोटाच्या १००० टनाच्या प्रेसचा चार तासांचा सेटअप आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आला. आपल्याला तीन मिनिटं नकोतच, आपल्याकडे तशी साधनं नाहीत. मी फक्त ६० मिनिटं म्हणतोय.

करायचं काय ते सांगतो. जुना लॉट संपायच्या अर्धा तास आधी पुढचा डाय प्रेसशेजारी येऊन उभा पाहिजे, फोर्कलिफ्ट तेव्हाच बुक करायची, डिस्पॅचची गाडी लागलेली असताना नाही. पाने, बोल्ट, पॅकिंग एका ट्रॉलीवर, प्रत्येकाची जागा रंगवलेली, म्हणजे काय नाहीये ते लांबूनच दिसेल आणि ती ट्रॉली तीन नंबर सोडून कुठेही जाणार नाही. क्वालिटीला पण अर्धा तास आधी निरोप. आणि एक काम टूल रूमचं आहे, ब्रॅकेटचा डाय क्लॅम्पच्या डायपेक्षा ३० एमएम बुटका आहे म्हणून प्रत्येक वेळी शट हाइट बदलावी लागते आणि बोल्ट पण वेगळ्या लांबीचे लागतात. त्याच्या खाली ३० एमएमची प्लेट कायमची बसवली (स्क्रॅप पडायला होल ठेवून) की दोन्ही डाय एका उंचीला येतील, मग शट हाइट फक्त चेक करायची आणि एकाच लांबीचे बोल्ट चालतील.

आता फायदा. रोज दोन डाय चेंज धरले, ९८ चे ६० झाले तर दिवसाला ७६ मिनिटं वाचतात, २६ दिवसांत जवळपास ३३ तास, म्हणजे चार शिफ्ट. मागच्या महिन्यात आपण तीन गुरुवार सुट्टीच्या दिवशी माणसं बोलावली होती, ते बहुतेक लागणार नाहीत. पण मला याहून मोठा फायदा दुसरा वाटतो. सेटअपला वेळ लागतो म्हणून प्लॅनिंगवाले एकदा डाय चढला की ६००० पीस काढून घेतात, कस्टमरला त्या आठवड्यात हवे असतात १५००. बाकीचा माल बिनमध्ये पडून राहतो आणि पावसाळ्यात त्याला गंज धरतो. मागच्या जुलैत आपण ते ब्रॅकेट पॉलिश पेपरने घासत बसलो होतो, चार माणसं, दोन दिवस. सेटअप छोटा झाला तर लॉट छोटा घेता येईल आणि ते घासणंच बंद होईल.

सगळ्या शॉपला लगेच लावा असं मी म्हणत नाहीये. फक्त तीन नंबर, फक्त हे दोन डाय, पहिली आणि दुसरी शिफ्ट, चार आठवडे. खर्च साधारण १८,५०० रुपये: प्लेट आणि मशीनिंग ९,०००, पाने आणि टी-बोल्टचा सेट ७,०००, रंग आणि किरकोळ २,५००. ट्रॉली विकत घ्यायची नाही, मेंटेनन्सच्या मागे एक जुनी पडलीय, चाकं बदलली की चालेल, ती किरकोळमध्येच धरलीयत. पहिल्या आठवड्यात ट्रॉली आणि प्लेट तयार करायची, पुढचे तीन आठवडे प्रत्येक चेंजचा टाइम प्रेसशेजारच्या बोर्डवर सगळ्यांसमोर लिहायचा. चौथ्या आठवड्याची सरासरी ७० च्या वर राहिली किंवा पहिल्या पीसचं रिजेक्शन आत्तापेक्षा वाढलं तर मी स्वतः बंद करा म्हणून सांगेन.

दोन गोष्टींवर मात्र मला तुमचा शब्द हवाय. एक, डाय बांधताना मेन ऑफ आणि सेफ्टी ब्लॉक, यात एक सेकंद पण वाचवायचा नाही. बोर्डवर टाइम लिहिला की शिफ्टमध्ये चढाओढ लागते, मी बघितलंय, आणि प्रेसवर घाई केली की बोटं जातात. म्हणून ज्या दिवशी ब्लॉक लावला नाही त्या दिवसाचा टाइम मोजायचाच नाही. दुसरं, वाचलेल्या वेळेमुळे कोणाचा हेल्पर काढणार नाही हे तुम्ही स्वतः शॉपमध्ये येऊन सांगा. मी दोन्ही शिफ्टच्या पोरांशी बोललोय, ती तयार आहेत, पण प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास आहे पण तो निर्णय माझ्या हातातला नाही हे त्यांनाही माहितीय.

मोजलेल्या ११ चेंजचा कागद सोबत जोडलाय, माझ्या हस्ताक्षरात आहे, वाचायला अडलं तर बोलवा. तुम्हाला जमलं तर मंगळवारी दुपारी साडेतीनला शिफ्ट बदलल्यावर तीन नंबरवर या, त्या दिवशी ब्रॅकेटवरून क्लॅम्पवर चेंज आहे, एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहून बघा. त्यानंतर हो म्हणालात तर बुधवारी प्लेटचं ड्रॉइंग टूल रूमला देतो, गुरुवारची सुट्टी सोडून शुक्रवारपासून काम चालू करता येईल.

आपला,
सुपरवायझर, प्रेस शॉप, दुसरी शिफ्ट