उलटा पॅटर्न

लॅबमध्ये मेधासमोरच्या मॅकॉन्की प्लेटवर जंतूंच्या गुलाबी, ओलसर कॉलनी होत्या. लूप लावला की तार सुटत होती. क्लेबसिएला, त्यात नवल नव्हतं. नवल औषधांच्या प्लेटवर होतं. मेरोपेनेमच्या डिस्कला खेटून जंतू वाढलेले, अमिकासिनलाही तेच, आणि को-ट्रायमोक्साझोलभोवती मात्र स्वच्छ, रुंद वर्तुळ.

"सुनील, असा पॅटर्न परवा पण होता ना?"

"युरिनमध्ये होता, मॅडम. आणि सोमवारी एका ब्लड कल्चरमध्ये."

मेरोपेनेमला दाद न देणारे त्यांच्याकडचे क्लेबसिएला को-ट्रायमोक्साझोललाही दाद देत नसत. मेधाने रजिस्टर ओढलं. तिन्ही रुग्ण सर्जिकल आयसीयूतले, तिघांना युरिन कॅथेटर. भरतीच्या वेळच्या कल्चरमध्ये यातलं काहीच नव्हतं. म्हणजे जंतू इथेच लागला होता.

सही करून रिपोर्ट पाठवले असते, तरी नियमाने तिचं काम झालं असतं. तीन रिपोर्ट तीन फायलींत गेले असते, तीन डॉक्टरांनी आपापल्या रुग्णाचं औषध बदललं असतं. हे तिघे एकत्र दिसत होते ते फक्त या टेबलावर. तिने इन्फेक्शन कंट्रोलच्या वैशाली सिस्टरना फोन लावला आणि दोघी आयसीयूत गेल्या.

"तीनच तर केसेस आहेत," आयसीयूचे प्रमुख म्हणाले. "जंतू एकच आहे हे जनुकीय तपासणीत सिद्ध होऊ दे, मग बघू."

"सर, ती येईपर्यंत चौथा रुग्ण होईल. तिघांना आजच वेगळं ठेवू या. माझा अंदाज चुकला तर दोन दिवसांची गैरसोय होईल, एवढंच."

ते क्षणभर बघत राहिले, मग मान हलवली.

वैशाली सिस्टर दुपारी युरिन बॅगा रिकाम्या करायच्या वेळी तिथेच उभ्या राहिल्या. मोजायचा जग एकच होता. एका खाटेपाशी भरायचा, नळाखाली विसळायचा, तोच पुढच्या खाटेशी. कामाच्या रेट्यात ग्लोव्हजही तेच. त्या कुणाला रागावल्या नाहीत. जगाच्या आतून स्वॅब घेतला, संध्याकाळपर्यंत प्रत्येक खाटेला वेगळा जग मिळवला आणि आयसीयूतल्या बाकी सगळ्या रुग्णांचे रेक्टल स्वॅब लॅबला पाठवले.

जगाच्या स्वॅबमध्ये तोच क्लेबसिएला वाढला, तोच उलटा पॅटर्न. रेक्टल स्वॅबपैकी एक सोडून सगळे निगेटिव्ह आले. तो एक खाट नऊचा. ताप नाही, तक्रार नाही, प्रकृती सुधारलेली.

मेधाने लगेच आयसीयूला फोन केला. "नऊ नंबर अजून तिथेच आहे ना?"

"वॉर्डात हलवतोय, मॅडम. ट्रॉली आलीय."

"जनरल वॉर्डात नको, साइड रूम द्या. अँटिबायोटिक सुरू करू नका, त्याला इन्फेक्शन झालेलं नाही, जंतू फक्त आतड्यात आहे. आणि नातेवाइकांना थांबवून ठेवा. वेगळं ठेवलं म्हणजे आजार वाढला असं त्यांना वाटेल. मी येते, मीच बोलते त्यांच्याशी."