खोली मी दिली, संगत तुम्ही निवडा

आपल्या वसतिगृहातल्या खोल्यांची यादी आज सकाळी जिन्याजवळ लावली आहे. एका खोलीत तिघे. कोण कुणाबरोबर राहणार हे मी ठरवलं. गाव आणि शाखा मुद्दाम वेगवेगळ्या ठेवल्या. पण मेसमध्ये कुणाशेजारी ताट घेऊन बसायचं, संध्याकाळी रंकाळ्यावर कुणाबरोबर जायचं, मोबाईलचा पासवर्ड कुणाला सांगायचा, हे ठरवणारा मी कोण? म्हणून दरवर्षी नियमांच्या कागदाला हा दुसरा कागद जोडतो. नियम कुणी वाचत नाही. म्हणी निदान ओळखीच्या असतात.

पहिली घरून ऐकूनच आला असाल. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. निघताना आजीनं ही म्हण सांगितली असेल तर तिच्या डोळ्यांसमोर दारू-गुटखावाला पोरगा असणार. माझा अनुभव जरा वेगळा आहे. गुण लागतात ते चांगल्या घरच्या, हुशार पोरांचेही. चंदगडकडचा एक मुलगा इथे आला तेव्हा पाचला उठायचा, थंड पाण्यानं आंघोळ करून अभ्यासिकेत बसायचा. खोलीतले दोघे रात्री दोनपर्यंत मोबाईलवर गेम खेळायचे. त्यातला एक भलताच हुशार, परीक्षेआधी आठ दिवस बसला तरी पहिल्या वर्गात यायचा. याला वाटलं, असंच जमतं. दिवाळीपर्यंत याचं पाचचं उठणं नऊवर गेलं आणि सेमिस्टरला दोन विषय राहिले. त्या दोघांनी त्याचं काहीही वाईट केलेलं नाही. एकाच दावणीला बांधले गेले, एवढंच.

गुण लागायला लागला हे ओळखायचं कसं? मार्कांवरून कळतं, पण फार उशिरा. आधी बोलणं बदलतं. संध्याकाळी सातच्या सुमारास गॅलरीत सगळ्यांचे घरचे फोन चालू असतात आणि मी पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं तिथून जातो. जून महिन्यात ‘हो आई, जेवलो आई’ म्हणणारा पोरगा ऑगस्टमध्ये ‘ठेव गं, कितीदा विचारतेस’ असं खेकसताना ऐकला की तो हल्ली कुणाबरोबर फिरतो ते मी बघून ठेवतो. बहुतेक वेळा त्याच्या टोळीतले सगळेच तसं बोलत असतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. मित्र तुमच्याशी कसा वागतो यावरून काही कळत नाही, कारण सुरुवातीला सगळेच गोड वागतात. तो मेसच्या मावशींशी, रिक्षावाल्याशी, घरच्यांशी कसा बोलतो ते बघा.

हीच गोष्ट उलट्या बाजूनं सांगणारी म्हण लोक कमी वापरतात, मला मात्र ती जास्त आवडते: फुलासंगे मातीस वास लागे. बारावीपर्यंत गावात शिकलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांसाठी ती आहे. तुम्हाला वाटतं, अभ्यासिकेत त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारे सीनियर आपल्याला काय जवळ करणार. अरे, त्यांनी जवळ करायचा प्रश्नच नाही. नुसतं त्या टेबलावर जाऊन बसा. शिराळ्याचा एक मुलगा वर्षभर तसा बसला. सीनियरनं त्याला शिकवलं म्हणावं तर फार नाही. तो नोट्स कशा काढतो, न समजलेल्या ओळीपुढे पेन्सिलनं खूण करून दुसऱ्या दिवशी सरांना कसा गाठतो, हे यानं शेजारून पाहिलं. पुढच्या वर्षी त्याच टेबलावर याच्याशेजारी एक नवा पोरगा येऊन बसला.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला वासरांत लंगडी गाय शहाणी. ही म्हण तालुक्यात पहिल्या आलेल्यांनी नीट वाचावी. तिकडे तुम्ही पहिले होता, इथे वर्गात तुमच्यासारखे चाळीस आहेत. ते पचत नाही. मग काही जण आपल्याहून कच्च्या मुलांचं टोळकं जमवतात, कारण तिथे यांचा शब्द शेवटचा असतो. मान मिळतो, चहाही फुकट मिळतो. ज्या टोळक्यात सगळ्या शंका तुम्हालाच विचारल्या जातात आणि तुम्हाला स्वतःला एकही शंका पडत नाही, तिथून दिवसातले दोन तास तरी उठून दुसरीकडे बसा.

पैशाचं बोलू. असतील शिते तर जमतील भुते. वडिलांचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात, हे पूर्ण मजल्याला ठाऊक असतं. त्या आठवड्यात मिसळ खायला सहा जण बरोबर. पंचवीस तारखेला तुम्ही मेसची पातळ आमटी भुरकत असता तेव्हा त्या सहांतले किती तुमच्या टेबलावर आहेत ते मोजा. जे एक-दोन उरतील त्यांचा वाढदिवस लक्षात ठेवा, बाकीच्यांना नमस्कार पुरे.

पण या बाबतीत फार संशयी होऊ नका. जर्नल पूर्ण करायचं आलं की गोड बोलणारे आणि सबमिशन झाल्यावर ओळख न देणारे भेटतीलच. त्यांना कामापुरता मामा आणि गरज सरो वैद्य मरो अशा दोन-दोन म्हणी आपल्याकडे आहेत. तरी जर्नल द्या. देऊन तुमचं काही जात नाही आणि वसतिगृह अर्धंअधिक कामापुरत्या मामांवरच चालतं. मलाही तुम्ही पाणी गेलं की आठवता. फक्त त्याला मित्र समजू नका, म्हणजे वाईट वाटणार नाही.

आता ज्या म्हणीवर मी दरवर्षी आवाज चढवतो ती. असंगाशी संग आणि प्राणाशी गाठ. पूर्वी ही म्हण मारामाऱ्यांसाठी वापरावी लागायची. आता बँकेच्या पासबुकासाठी वापरावी लागते. कॅन्टीनमध्ये ओळख झालेला, चांगले कपडे, बोलायला गोड. म्हणतो, ‘माझ्या खात्याचं लिमिट संपलंय, तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो.’ एटीएम कार्ड, पिन आणि खात्याला जोडलेलं सिम एवढंच मागतो. आपल्या एका मुलानं दिलं. दोन महिने पैसे मिळाले, त्यातून शूज आले. तिसऱ्या महिन्यात खातं गोठवलं आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस त्याच्या घरी गेली. कुणाला तरी फसवून उकळलेली रक्कम या खात्यावरून फिरली होती. चांगले कपडेवाला गायब, सिम बंद. खातं मुलाच्या नावावर, सही मुलाची, तेव्हा जबाब कुणी द्यायचा? त्याची शिष्यवृत्तीही त्याच खात्यात अडकली. वडील ऊसतोड सोडून इथे आले होते, दिवसभर माझ्या ऑफिसात बाकावर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. कार्ड, पिन, ओटीपी, सिम जो मागतो तो असंग. मग तो कुठल्याही गावचा असो, तुमचा मावसभाऊ असो.

सुक्याबरोबर ओलंही जळतं. ‘मी काही केलं नाही सर, मी फक्त उभा होतो’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. नव्या मुलाला रात्री उठवून नाचायला लावणाऱ्यांत तुम्ही फक्त उभे राहिलात, हसलात, किंवा मोबाईलवर चित्रीकरण केलंत, तर रॅगिंगविरोधी कायदा तुम्हाला ओलं समजत नाही. महाराष्ट्रात हा कायदा 1999 सालचा आहे. रॅगिंग करणाऱ्याबरोबर त्यात सामील होणारा आणि चिथावणी देणाराही शिक्षेला पात्र आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलात की कॉलेजातून काढतात आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तेव्हा तिथे उभं राहू नका. खाली या, माझं दार वाजवा. चुगलखोर म्हणतील, म्हणू देत.

चुगलीवरून आठवलं. मूर्ख मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा, ही म्हण पुस्तकी वाटते, पण मागच्या पावसाळ्यात ती इथे दुसऱ्या मजल्यावर घडली. एकाला ताप भरला. त्याचा जिवलग मित्र दिवसभर उशाशी बसला, आपल्या बॅगेतल्या कधीकाळच्या उरलेल्या गोळ्या त्याला देत राहिला आणि ‘सरांना सांगू नको, घरी कळवतील’ म्हणून गप्प बसला. त्याच खोलीतला तिसरा मुलगा, ज्याच्याशी या दोघांचं बादलीवरून महिनाभर बोलणं बंद होतं, तो रात्री अकराला खाली आला. म्हणाला, ‘सर, तो बरळतोय.’ रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, डेंग्यू निघाला. पोरगा बरा झाला. बादलीचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. निंदकाचं घर असावं शेजारी म्हणतात. निंदकाची खाट त्याच खोलीत असली तरी चालेल.

एक म्हण मात्र या इमारतीत कुणी उच्चारायची नाही. खाण तशी माती. शेतीला, सोन्याला, काय लावायची ती लावा. मित्र निवडताना ‘तो कुठल्या वस्तीतला, त्याचा बाप काय करतो’ असं विचारायला ती वापरलेली मी खपवून घेत नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून या शहरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, ती माती बघून नव्हे. ढवळ्या-पवळ्याच्या म्हणीतही वाण लागत नाही असंच म्हटलंय. लागतो तो गुण, आणि गुण कुठल्याही घरून येतो.

आणखी दोन छोट्या गोष्टी. चौकातल्या फलकावर ज्यांचा फोटो आहे त्या ‘भाऊं’च्या मागे गाडीवर बसायची फार हौस असते, दुरून डोंगर साजरे. आणि गावाकडून जोडीनं आलेला जुना मित्र इथे दुसऱ्या टोळीत रमला तर रात्री उशीत तोंड खुपसून रडू नका. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे तुमच्या पणजोबांनाही माहीत होतं. तेव्हा तुमच्यात काही कमी आहे असं मुळीच नाही. त्यालाही शिव्या घालू नका, दिवाळीला एकाच एसटीनं जायचंय.

खोलीतला जोडीदार घोरतो, पंखा बंद करतो, डब्यातला लाडू न विचारता खातो, अशा तक्रारी घेऊन पहिल्याच आठवड्यात येऊ नका. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. खोली बदलून हवी असेल तर अर्ज 16 ऑगस्टपासून घेईन, तिघांच्या सह्यांसकट. दमदाटी, दारू किंवा पैशाची मागणी असेल तर मात्र अर्ज नको, सह्या नकोत, तारीख नको. माझी खोली तळमजल्यावर मेसच्या शेजारी आहे. बेल बिघडलेली आहे, दार जोरात वाजवा.